मदत हवी आहे: सिमेंटच्या गिलाव्यामागे जुन्या विटांचा भुगा होतोय

जुनी_ओसरी: चुन्यात बांधलेली, दीड फूट जाडीची विटांची भिंत आहे. पायथ्याला ओल होती, म्हणून तीन वर्षांपूर्वी तीन फूट उंचीपर्यंत सिमेंटचा गिलावा केला. आता ओल गिलाव्याच्याही वर चढली आहे. ठोकलं की पोकळ आवाज येतो. एक पोपडा काढला, तर मागची वीट नखानेही खरवडली जाते. गिलावा कमी जाड झाला का?

पक्कं_काम: वॉटरप्रूफिंगचं रसायन घालून पुन्हा सिमेंटच करा. चुना हवाच असेल तर त्यात थोडं सिमेंट टाका, लवकर धरतो.

दर्जा_भर: कृपा करून यातलं काहीच करू नका. या भिंतीत पाणी येणारच, प्रश्न ते बाहेर कुठून पडतं हा आहे. चुन्याची दर्जा, म्हणजे दोन विटांमधला चुन्याचा सांधा, विटेपेक्षा मऊ आणि सच्छिद्र असते. ओल तिच्यातून सुकते, क्षार तिथेच साठतात, झिजते ती दर्जा, आणि ती पुन्हा भरता येते. सिमेंटने ही वाट बंद केली की पाणी वर चढतं किंवा विटेतून सुकतं. मग क्षारांचे खडे विटेच्या आतच फुगतात आणि तिचा भुगा होतो. तुम्ही पाहिलात तो हाच.

थोडं सिमेंट घातलं की गिलावा लवकर धरतो हे खरं, पण छिद्रंही बुजतात. काम ना धड चुन्याचं राहतं ना सिमेंटचं.

गच्चीवाला: माझ्या काँक्रीटच्या स्लॅबमधून पाणी गळतंय, तिथे चुना लावू का?

दर्जा_भर: तो वेगळा विषय, नवा धागा काढा.

ओसरी, गिलावा छिन्नी-हातोडीने हळूच काढा. ग्राइंडरने विटांच्या कडा जातात. भिंत उघडी ठेवून सुकू द्या, फुटलेले क्षार कोरड्या ब्रशने झाडा, धुऊ नका, नाहीतर ते परत आत जातील. दर्जा इंचभर खोल मोकळ्या करा. मुरवलेला चुना एक भाग, खरबरीत धुतलेली वाळू तीन भाग. पाणी शक्यतो घालूच नका, मळूनच मऊ होतो. पातळ केलात तर सुकताना तडे जातील. विटा ओलसर करा, चुना दाबून भरा, अंगठा दाबल्यावर जेमतेम ठसा उमटेल इतका आवळला की ताठ ब्रशने ठोका. नंतर किमान आठवडाभर ओलं गोणपाट. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो, त्यासाठी ओलावा लागतो. उन्हात झटकन सुकला तर हाताला पांढरी पूड लागते. तसं झालं तर ते काम काढावंच लागेल.

पक्कं_काम: पण सतत ओल्या पायथ्याला नुसता चुना धरेल का?

दर्जा_भर: ही शंका रास्त आहे. तिथे चुन्यात बारीक सुरखी, म्हणजे भाजलेल्या विटांची पूड, मिसळतात, मग तो ओलीतही घट्ट होतो. किती, ते नमुना लावून ठरवावं. ओसरी, बाहेरची जमीन आतल्या फरशीपेक्षा उंच आहे का?

जुनी_ओसरी: हो, फरसबंदीमुळे वीतभर उंच झाली आहे. आधी ती खाली घ्यायची की गिलावा काढायचा?

दर्जा_भर: आधी जमीन. पण गिलाव्याचा सुटलेला भाग आजच काढला तरी चालेल, भिंत तेवढी लवकर सुकायला लागेल.