मदत हवी आहे: लिम सुपची बेरीज नेमकी कधी जुळते?

नमस्कार मंडळी. मी परभणीचा, बी.एस्सी.ला आहे. लिम सुप आणि लिम इन्फ स्वतः सोडवून बघतोय, एका ठिकाणी अडलोय.

क्रमिका घेतली: a_n = (−1)^n (1 + 1/n). पदं येतात −2, 3/2, −4/3, 5/4... आधी मी लिम सुप 3/2 लिहून बसलो होतो, पण ते तर सुप्रीमम. सुरुवातीची पदं सोडून उरलेल्या शेपटाचा सुप्रीमम बघायचा असतो. चौथ्या पदापासून तो 5/4, दहाव्यापासून 11/10, असा उतरत 1 कडे जातो. म्हणून लिम सुप 1. तसंच इन्फीमम −2 असला तरी लिम इन्फ −1. दोन्ही वेगळे, म्हणून लिमिट नाही. इथपर्यंत पटलं.

आता b_n = −a_n घेतलं. b_n चाही लिम सुप 1 येतो, पण a_n + b_n कायम 0. म्हणजे बेरजेचा लिम सुप 0 आणि लिम सुपांची बेरीज 2! कारण एक वर असते तेव्हा दुसरी खाली असते. उलट b_n = a_n घेतलं, तर दोन्हीकडे 2 येतं.

यावरून मला वाटतं, दोन्ही क्रमिका बंधित असतील तर बरोबरी तेव्हाच येते, जेव्हा एकाच उपक्रमिकेवर दोघीही आपापल्या लिम सुपकडे जातात. अशी उपक्रमिका असली की बरोबरी येते, हे जमलं. उलट बाजू कशी सिद्ध करायची? a_n चा लिम सुप A आणि b_n चा B धरला, बेरीज जिच्यावर A + B कडे जाते ती उपक्रमिका घेतली, पण a_n तिथे A कडेच जाते हे दाखवता येईना. पुढची पायरी कुणी सांगेल का?