अनुभव धागा : लेखक + डिझायनर जोडीने मोठं काम घेतलंय का कुणी?

शाईची_दौत
आज कपाट आवरताना एका पतसंस्थेची सुवर्णमहोत्सवी स्मरणिका हाती आली आणि आवरणं तिथेच थांबलं. २०२१ सालचं काम. मी लिहिणारी, पुण्यातली. तो कोल्हापूरचा, मांडणी करणारा. तोवर मी एकटीने पन्नास हजारांच्या वरचं काम कधी केलं नव्हतं. संस्थेने दरपत्रक मागवलं तेव्हा अट होती की मुलाखती, लेखन, मांडणी, छपाईला जाणारी फाइल, सगळं एकाकडूनच हवं. आम्ही मिळून ३ लाखांचं दरपत्रक माझ्या नावाने टाकलं. निम्मं निम्मं ठरलं, तेही फोनवर.

काम सुरेख झालं. भांडण पैशांवर झालं. संस्थेने १० टक्के टीडीएस कापून माझ्या खात्यात २,७०,००० टाकले. मी सरळ निम्मे, १,३५,००० त्याला पाठवले. मला वाटलं, कापलेला टीडीएस दोघांनी वाटून घेतला, झालं. चार महिन्यांनी त्याचा मेसेज, "ताई, माझे पंधरा हजार सरकारकडे तुझ्या नावावर जमा आहेत." मला राग आला. मी तिखट उत्तर दिलं. नंतर बोलणंच थांबलं.

तुमचे अनुभव लिहा. आणि त्याचं बरोबर होतं का तेही सांगा.

भडंगवाला
कोल्हापूरचा म्हणजे आमचा माणूस. बरोबरच असणार 😄

खर्डेघाशी
बरोबर होतं. संस्थेने ३०,००० तुमच्या पॅनवर भरले. तुम्ही विवरणपत्र भरलंत तेव्हा ते पूर्ण तुमच्या करातून वजा झाले, किंवा परत मिळाले. त्याला त्यातला एक रुपयाही मागता येत नाही, कारण पॅनवर जमा झालेला कर दाखवणाऱ्या त्याच्या २६एएसमध्ये ती नोंदच नाही. त्याने तुम्हाला १,५०,००० चं बिल द्यायचं आणि तुम्ही ते पूर्ण द्यायचे. हातात १,२०,००० उरले असते. कमी वाटतात, पण वरचे ३०,००० तुमचेच.

एक विचारतो. त्याचं बिल होतं का तुमच्याकडे?

शाईची_दौत
नव्हतं. व्हॉट्सअॅपवर 'पाठवले' आणि अंगठा 👍 एवढंच. आमच्या सीएंनी नुसतं बँकेचं स्टेटमेंट मागितलं, आणि ती निम्म्या रकमेवर कर भरायची सोपी योजना असते ना, त्यात बसवलं.

खर्डेघाशी
मग तुमचंही नुकसान झालं, तुम्हाला कळलं नाही एवढंच. त्या योजनेत जमा रकमेच्या निम्मं उत्पन्न धरतात आणि वेगळा खर्च दाखवता येत नाही. जमा दिसली ३ लाख, म्हणून उत्पन्न दीड लाख. तुमचे स्वतःचे दीडच लाख जमा दिसले असते तर उत्पन्न पाऊण लाख धरलं असतं. म्हणजे त्याच्या वाट्यामुळे तुमचं उत्पन्न पाऊण लाखाने फुगलं. अशा जोडीत बिल एकाच्याच नावावर फाडायचं असेल तर त्याने ती योजना सोडून खरा हिशेब ठेवावा, नाहीतर दोघांनी वेगळी बिलं द्यावीत.

चिंगी_७७
लेखकाला ती योजना लागू होते का पण? माझा सीए नाही म्हणतो.

खर्डेघाशी
त्यावर दोन सीएंची तीन मतं आहेत. इथे नको.

रेघोट्या
मी डिझायनर. तुमच्या त्या कोल्हापूरकराच्या बाजूने दोन शब्द. लेखक मजकूर 'फायनल' म्हणून देतात, पाठोपाठ 'फायनल नवा', 'फायनल अध्यक्षांचा'. आमची स्मरणिका १२८ पानांची होती, सोळा पानांचे आठ फॉर्मे. सगळं चपखल बसलं आणि एका पुढाऱ्याचा शुभेच्छा संदेश आला. एक पान वाढवता येत नाही हो, निदान चार वाढतात, आणि छपाईवाल्याला तो अर्धवट फॉर्मा वेगळा चालवावा लागतो. मग मी दोन फोटो छोटे करून जागा काढली. त्या रात्रीचे पैसे कुणी दिले? लेखिका म्हणाली, "एकच तर पान आहे."

आता आमचं ठरलेलं आहे. आधी मी चार पानांचा नमुना लावते. एका पानावर किती शब्द बसतात ते त्यातून कळतं (आमच्या मांडणीत फोटोसह साधारण २५०). ती तेवढंच लिहिते. मजकूर एकदा संस्थेच्या सहीने आला की पुढच्या बदलाचे पैसे वेगळे, आणि हे दरपत्रकातच लिहिलेलं असतं.

सुमन_साताराकर
माझा भाचा डिझायनिंग शिकलाय. लग्नपत्रिका छान करतो. कुणाला हवा असेल तर सांगा.

भडंगवाला
काकू, इथे जोड्या जमवतात, पण त्या वेगळ्या 😂

वाळूतला_मासा
एवढी डोकेफोड कशाला? दोघांनी एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी संस्था, काढा. कर वाचतो आणि मोठी कंपनी वाटते. माझ्या मित्राने केलंय.

खर्डेघाशी
मोठी वाटते हे खरं, काही ठिकाणी निविदेला ते लागतंही. कर वाचतो हे नाही. एलएलपीला नफ्यावर पहिल्या रुपयापासून ३० टक्के दर आहे, वर उपकर. भागीदारांचं मानधन मर्यादेत वजा होतं म्हणून थोडं जमतं. पण वर्षभर काम नसलं तरी दोन वार्षिक फॉर्म भरावे लागतात, आणि जितका उशीर तितका जास्त दंड. वर्षात एकच स्मरणिका करणाऱ्यांनी त्या वाटेला जाऊ नये.

वाळूतला_मासा
मित्राला विचारतो. तो हल्ली फोन उचलत नाही.

कंसातली_बाई
आमचं जीएसटीवर अडलं. माझी कामं वर्षाला चौदा लाखांची, म्हणजे वीसच्या आत. जोडीने एक सात लाखांचं घेतलं, बिल माझ्या नावाने. त्यातले चार लाख मैत्रिणीला गेले, पण उलाढाल माझी एकवीस धरली गेली आणि नोंदणी करावी लागली. गिऱ्हाईक एक ट्रस्ट, ते म्हणाले १८ टक्के आम्ही वेगळे देणार नाही. मग ते आमच्याच पोटातून गेले. हे आधी कळलं असतं तर मैत्रिणीच्या नावाने बिल दिलं असतं, तिची उलाढाल कमी होती.

मुलाला शाळेतून आणायचंय, नंतर लिहिते.

चिंगी_७७
आमची जोडी फॉन्टवर मोडली. मी युनिकोडमध्ये लिहायचे, त्याचं सगळं श्रीलिपीत. बदलून घेतल्यावर 'दुसऱ्या'चं 'दुसर्या' आणि 'तऱ्हा'ची 'तर्हा'. दोनशे पानं मी पुन्हा तपासली, फुकट.

रेघोट्या
इनडिझाइनमध्ये युनिकोड नीट लागतो, पण मांडणीचं वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडावं लागतं, नाहीतर वेलांट्या भलतीकडे जातात. तरी दुसरं वाचन लागतंच, त्याचे पैसे दरपत्रकात वेगळे लिहा.

शाईची_दौत
संस्थेशी सगळे फोन मीच केले होते. अध्यक्षांच्या एका फोटोसाठी तीनदा त्या गावाला गेले. त्याचं काहीच धरलं नव्हतं. रागाचं मूळ तिथे होतं बहुतेक, टीडीएस निमित्त झालं.

रेघोट्या
आम्ही एकूण रकमेतून दहा टक्के आधी बाजूला काढतो, जी गिऱ्हाईक सांभाळते तिचे. उरलेले निम्मे. तुमच्या ३ लाखांत तीस हजार तुमचे, मग एक-पस्तीस, एक-पस्तीस.

भडंगवाला
म्हणजे त्याला एक-पस्तीसच मिळाले असते की! 🤔

रेघोट्या
हो, पण आधी ठरवून. नंतर कापून नाही.

शाईची_दौत
मघाशी त्याला मेसेज केला. दोन निळ्या टिक आल्यात. उत्तर नाही.

सुमन_साताराकर
भाच्याचा नंबर देऊ का?