मदत हवी आहे: रस्त्यावरच्या शार्कचा मूळ फोटो कसा शोधायचा?

सुलभा_चि
सोसायटीच्या ग्रुपवर फोटो फिरतोय. गाडीतून काढलेला दिसतो, रस्ता पाण्याखाली आणि बाजूने चक्क शार्क पोहतोय. वर पिवळ्या पट्टीवर लिहिलंय, 'चिपळूण, वाशिष्ठीच्या पुरात शार्क', शार्कभोवती लाल गोल आणि बाण. शार्क दुसऱ्या फोटोतून उचलून इथे चिकटवलाय असा संशय आहे. गूगल लेन्सला दिला तर तो पट्टीवरचं मराठी वाचून पुराच्या बातम्या दाखवतो. 'खोटा आहे' एवढं सांगून लोक ऐकत नाहीत, मूळ फोटोच दाखवायचा आहे. काय करू?

खडूस
टिनआय या चित्रावरून चित्र शोधणाऱ्या संकेतस्थळावर टाका, `Oldest` निवडा, जो पहिला येईल तो मूळ. दोन मिनिटांचं काम.

फोटोवेडा
सुलभाताई, आधी पट्टी कापा. लेन्स चित्राबरोबर अक्षरंही वाचतो, आणि मोठी ठळक अक्षरं असली की त्यांच्याच मागे जातो. स्क्रीनशॉट असेल तर वरची घड्याळ-बॅटरीची ओळ आणि खालची बटणंही उडवा. लाल गोल काढता येणार नाही, राहू दे.

आता हा उरलेला अख्खा फोटो शोधा. यातून मूळ मिळणार नाही, मिळतील त्या याच बनावट फोटोच्या जुन्या प्रती. पण त्यांचंही काम आहे. हा फोटो ऑगस्ट 2011 मध्ये आयरीन चक्रीवादळाच्या वेळी पोर्तो रिकोचा म्हणून फिरला होता आणि ऑगस्ट 2017 मध्ये हार्वेच्या वेळी ह्यूस्टनचा म्हणून. चिपळूणचा महापूर 22 जुलै 2021 चा, म्हणजे चिपळूणचा दावा इथेच आटोपला.

खडूस, तुमचं अर्धं बरोबर आहे. टिनआय दाखवतो ती तारीख त्याच्या यंत्रणेला ते चित्र पहिल्यांदा सापडल्याची असते, फोटो काढल्याची किंवा छापल्याची नव्हे. ती सेवाच 2008 ची, त्यामुळे 2003 च्या फोटोपुढे 2003 कधीच दिसणार नाही. शिवाय बनावट प्रत आधी सापडली आणि अस्सल नंतर, असंही होतं.

खडूस
बरं. मग `Oldest` ठेवलंय कशाला?

फोटोवेडा
'निदान या तारखेला तरी हे जगात होतं' एवढं त्यातून ठाम कळतं. दावा खोडायला पुरे, मूळ ठरवायला नाही.

सुलभा_चि
पट्टी कापल्यावर 2017 ची पानं आली. पण मूळ शार्क? नुसता शार्क कापून दिला तर लेन्स जगभरचे शार्क दाखवतोय.

नीरजा_क
ताई, तुमच्या स्क्रीनशॉटमध्ये शार्क किती मोठा आहे? चित्र 1080 पिक्सेल रुंद असेल तर शार्कच्या वाट्याला दीडशे-दोनशे येत असतील, आणि व्हॉट्सअ‍ॅपने दाबून दाबून त्याच्या कडा पुसल्या असतील. एवढ्याशा तुकड्यातून 'हा एक शार्क आहे' इतकंच कळतं, 'हा तोच शार्क' हे कळत नाही.

म्हणून क्रम बदला. अख्खा फोटो टिनआयवर द्या आणि `Biggest image` निवडा. सर्वांत मोठी प्रत उतरवून घ्या आणि शार्क त्यातून कापा. कापताना अंगाला घट्ट नको, पण रस्ताही आत येऊ देऊ नका, कारण रस्ता आला की शोध पुन्हा पुराकडे वळतो. लेन्समध्ये निकालाच्या वर `Exact matches` दिसलं तर ते उघडा, नाहीतर तो 'असेच दिसणारे' शार्क दाखवत बसतो. नाही जमलं तर तोच तुकडा आडवा उलटवून पुन्हा द्या. चिकटवणारे बऱ्याचदा आरसा-प्रतिमा करतात, आणि मग काही शोधयंत्रांना जुळणी सापडत नाही. बिंग आणि यांडेक्सवरही टाकून बघा, प्रत्येकाचा साठा वेगळा असतो.

प्रसाद७७
माझाही प्रश्न हाच आहे. बहिणीचा चेहरा कुणीतरी दुसऱ्याच घाणेरड्या फोटोवर लावलाय. मूळ फोटो शोधला तर तो काढून टाकता येईल का?

नीरजा_क
प्रसाद, हा वेगळा प्रश्न आहे आणि तातडीचा आहे. तो फोटो कुठल्याही शोधयंत्रावर चढवू नका. लिंक आणि तारीख दिसेल असे स्क्रीनशॉट ठेवा आणि cybercrime.gov.in वर तक्रार करा. बहीण सज्ञान असेल तर तिने स्वतः stopncii.org वापरावं. तिथे फोटो तुमच्या यंत्रातून बाहेर जात नाही, फक्त त्याची सांकेतिक खूण जाते आणि त्यात सामील असलेली संकेतस्थळं तिच्यावरून प्रती अडवतात. बाकीचं वेगळ्या धाग्यावर विचारा, इथे हरवून जाईल.

सुलभा_चि
सापडला! पिवळ्या कयाकमध्ये एक माणूस बसलाय, मागे वळून बघतोय आणि पाठोपाठ शार्क. तोच शार्क वाटतो. पण भाऊजी म्हणतात, हा कयाकवाला फोटोही बनावटच आहे.

फोटोवेडा
भाऊजी एकटे नाहीत, त्या फोटोवर जगभर तोच आरोप झालाय. तो अस्सल आहे. छायाचित्रकार थॉमस पेशॅक, दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ, 2003. पांढऱ्या शार्कवर संशोधन चालू असताना काढलेला.

'वाटतो' वर थांबू नका. गिम्प या फोटो-संपादकात कयाकचा फोटो खाली ठेवा, पुरातला कापलेला शार्क वरच्या थरात. वरच्या थराची अपारदर्शकता 50 टक्के करा आणि पाठीच्या पराचं टोक व शेपटीचं टोक जुळेपर्यंत लहान-मोठा करा, फिरवा. ही दोन टोकं जुळल्यावर बाकीची कड आपोआप जुळली पाहिजे. दोन वेगळ्या क्षणांचे शार्क असे रेषेवर रेष कधीच बसत नाहीत. मग अपारदर्शकता पुन्हा 100 टक्के करा आणि थराची पद्धत `Difference` करा. सारखा भाग काळा पडतो आणि वेगळा उजळतो. तुमच्या प्रतीत दाबण्यामुळे शार्कवर राखाडी कणकण दिसेल, ती चालेल, पण कडेने जाड पांढरी रेघ दिसली तर जुळणी चुकली आहे.

खडूस
जुळला तरी कयाकवाल्याने पुरातला शार्क उचलला नाही कशावरून?

फोटोवेडा
रास्त शंका. ज्या प्रतीत तपशील जास्त, ती आधीची. बारीक तपशील मोठ्याकडून लहानाकडे जातो, उलट नाही. कयाकच्या फोटोत स्वच्छ पाण्याखालचं शार्कचं अंग सलग दिसतं. शिवाय त्याला छायाचित्रकाराचं नाव आहे, पुरातल्या फोटोला कुणीच धनी नाही.

सुलभा_चि
आणि रस्त्याचा मूळ फोटो, शार्क नसलेला?

फोटोवेडा
तो मला नाही सापडला. शार्क झाकून, फक्त गाडीची कड आणि रस्ता कापून पाहिलं. पूर आलेले रस्ते असंख्य, आणि ओळखीची खूण एकही नाही. पाटी, पूल, इमारत असती तर धागा लागला असता. फेसबुकवरच्या खाजगी अल्बममध्ये असेल तर शोधयंत्र तिथे पोचतच नाही.

नीरजा_क
एक भर. यापुढे रस्त्यावरचा प्रत्येक शार्क याच फोटोच्या नावाने खोडू नका. सप्टेंबर 2022 मध्ये इयन चक्रीवादळात फ्लोरिडातल्या फोर्ट मायर्सचा तसाच व्हिडिओ आला, सगळ्यांनी हसून सोडून दिला आणि तपासाअंती तो खरा निघाला. त्यातला मासा शार्कच होता का, यावर मात्र जाणकारांचं पूर्ण एकमत नव्हतं.

सुलभा_चि
टोकं जुळली, कडही बसली. दोन्ही फोटो शेजारी लावून ग्रुपवर टाकलेत. भाऊजींचं उत्तर आलं: 'मग चिपळूणचा शार्क दुसरा असेल.'