मदत हवी आहे: जुन्या फोनचा पॅटर्न विसरले, आतलं काही वाचेल का?

निळी_छत्री
जुना अँड्रॉइड फोन आहे, माझाच. पॅटर्न आठवत नाही. एरवी बोटाच्या ठशाने उघडायचा, आता ठसाही घेत नाही. आत रेकॉर्डरच्या पंधरा-सोळा फायली आणि काही फोटो आहेत, तेवढे हवेत. नंतर फोन भंगारात गेला तरी चालेल. "रिसेट मारा" सांगायला कृपया येऊ नका, ते मलाही कळतं. जरा घाई आहे.

खटपट्या
सोपं आहे. पॅटर्न /data/system मधल्या gesture.key या फाइलीत असतो. कस्टम रिकव्हरी टाकायची, फाइल उडवायची, रीस्टार्ट करायचा. मग कुठलाही पॅटर्न काढा, उघडतो. शेकडो व्हिडिओ आहेत यावर.

डबलटॅप
छत्री, अर्धी माहिती घरीच ठेवलीत. अँड्रॉइड कितवं? फोन बंद पडला होता का? मेमरी कार्ड आहे का? आणि ठसा लावल्यावर स्क्रीनवर काय लिहून येतं, ते जसंच्या तसं सांगा.

खटपट्या, ते व्हिडिओ कोणत्या सालचे आहेत तेही बघा.

निळी_छत्री
अँड्रॉइड १०, फोन घेतला तेव्हापासून तेच. पाच महिने ड्रॉवरमध्ये पडून होता, बॅटरी पूर्ण उतरली होती. काल चार्ज करून चालू केला. सिम केव्हाच नव्या फोनमध्ये गेलं. कार्ड नाही. स्क्रीनवर येतं: Pattern required after device restarts. पंचवीसेक वेळा प्रयत्न झालेत.

डबलटॅप
म्हणजे ठशात काही बिघाड नाही. फोन चालू झाल्यावर पॅटर्न एकदा तरी काढावाच लागतो, ठसा त्याच्यानंतर चालतो. महिनोन्‌महिने ठशावर काम भागतं, हात पॅटर्न विसरतो, आणि बॅटरी उतरली की नेमका तोच मागितला जातो. ड्रॉवरमधल्या फोनांची नेहमीची गोष्ट आहे ही.

आता gesture.key. अँड्रॉइड ५ पर्यंतच्या, एन्क्रिप्शन नसलेल्या फोनवर ते खरंच चालायचं. तेव्हा कुलूप म्हणजे दारावर उभा असलेला रखवालदार होता. त्याला हटवलं की आतलं सामान उघड्यावरच. अँड्रॉइड १० घेऊन बाजारात आलेल्या फोनमध्ये प्रत्येक फाइल एन्क्रिप्ट केलेली असते, आणि तिची किल्ली तुमचा पॅटर्न आणि चिपमधलं एक गुपित या दोघांतून मिळून बनते. पॅटर्नची नोंद पुसणं म्हणजे कुलूप काढणं नव्हे, किल्लीचा अर्धा तुकडा फेकून देणं. शिवाय कस्टम रिकव्हरी टाकायला बूटलोडर उघडावा लागतो, आणि तो उघडतानाच फोन स्वतः सगळा डेटा पुसतो.

खात्री करायची असेल तर सिम घालून त्या फोनवर घरच्या कुणाला कॉल करायला सांगा. नावाऐवजी नुसता नंबर दिसला, तर तुमचे संपर्कसुद्धा अजून कुलपात आहेत असं समजा.

खटपट्या
बरं, अँड्रॉइड १० असेल तर माझं सोडा. पण पैसे देऊन मिळणारी सॉफ्टवेअर आहेत ना, "डेटा न जाता अनलॉक" लिहिलेली?

रात्रपाळी
त्यातली बहुतेक शेवटी रिसेटच मारतात. "डेटा न जाता" या ओळीला एक चांदणी असते आणि खाली बारीक अक्षरात चार-दोन जुन्या मॉडेलांची यादी. छत्री, पैसे घालवू नका.

अळूवडी
मला वाटतं पीयूके कोड लागेल. तो सिमच्या मोठ्या कार्डावर छापलेला असतो. दहा वेळा चुकला तर सिम कायमचं बाद, तेव्हा जपून.

रात्रपाळी
अळूवडी, ते सिमचं कुलूप. इथे स्क्रीनचं चाललंय.

निळी_छत्री
आत्ता नवऱ्याने कॉल केला. नुसता नंबर आला, नाव नाही. म्हणजे संपलंच?

डबलटॅप
नाही. म्हणजे एवढंच की मागचं दार नाही, पुढच्याच दाराने जायचं. दोन कामं वेगवेगळी करा.

पहिलं, फोनला हात न लावता. कॉम्प्युटरवर photos.google.com उघडा. फोटोंचा बॅकअप चालू असेल तर ते तिथे सापडतील, कारण त्यांचा स्क्रीनच्या कुलपाशी संबंध नसतो. संपर्क contacts.google.com वर बघा. एकापेक्षा जास्त खाती असतील तर प्रत्येकात डोकावा, फोटो भलत्याच खात्यात सापडणं फार नेहमीचं आहे. रेकॉर्डरच्या फायली मात्र या दोन्हींत नसतात.

दुसरं, पॅटर्न. त्याबद्दल काय आठवतं? आकार, सुरुवात, काहीही.

सावकाश
फोनचा आपोआप होणारा बॅकअप विसरलात का सगळे? नवा फोन सेट करताना तो निवडायचा, सगळं परत येतं.

डबलटॅप
सावकाश, इथे दोन अडचणी आहेत. फोन ५७ दिवस वापरला नाही तर तो बॅकअप पुसला जाऊ शकतो, आणि हा पाच महिने झोपला होता. दुसरी जास्त वाईट: अँड्रॉइड ९ पासून त्यातला ॲपचा डेटा जुन्या फोनच्या स्क्रीन लॉकनेच बंद केलेला असतो. परत आणताना नवा फोन विचारतो, "जुन्या फोनचा पॅटर्न काढा." म्हणजे फिरून तिथेच. आणि रेकॉर्डिंगच्या फायली त्या बॅकअपमध्ये जातातच असं नाही.

निळी_छत्री
फोटो मिळाले!! दुसऱ्या खात्यात होते, जवळजवळ सगळे. आता फक्त रेकॉर्डिंग.
पॅटर्न: वरच्या डाव्या ठिपक्यापासून सुरू, झेडसारखं काहीतरी. झेड पहिल्यांदाच काढून पाहिला, चूक आला.

डबलटॅप
काच फुटलीय का? रेष सगळ्या ठिपक्यांवरून नीट जाते?

निळी_छत्री
काचेला वर उजव्या कोपऱ्यात तडा आहे, जुनाच. त्याचा काय संबंध?

डबलटॅप
हे आधी सांगायचं होतंत हो! ठिपक्यांना फोनच्या आकड्यांसारखे क्रमांक द्या, वर १-२-३, मध्ये ४-५-६, खाली ७-८-९. झेड म्हणजे १-२-३-५-७-८-९. तडा नेमका ३ वर. बोट ३ वरून गेलं पण टचने ते पकडलं नाही, तर फोनला दिसतं १-२-५-७-८-९. हाही नियमात बसणारा पॅटर्न आहे, म्हणून फोन "काहीतरी सुटलं" असं म्हणत नाही, सरळ चूक म्हणतो. बरोबर पॅटर्न तुम्ही काढलेला असू शकतो आणि फोनला तो पोचलाच नसेल.

तपासायला दुसऱ्या फोनने व्हिडिओ घ्या. चुकीचा पॅटर्न बोट उचलल्यावर क्षणभर लाल दिसतो. थांबवून बघा, रेष ३ च्या ठिपक्याला लागलीय की कोपरा कापून गेलीय. रेष दिसतच नसेल तर ती दाखवायची सेटिंग बंद आहे, मग हा उपाय नाही.

निळी_छत्री
व्हिडिओ घेतला. तीनदा झेड काढला, दोनदा रेष २ वरून थेट ५ कडे गेली. एकदा ३ लागला, तरी चूकच.

रात्रपाळी
ओटीजी अडॅप्टर आणि कॉम्प्युटरचा साधा यूएसबी माउस जोडा. स्क्रीनवर बाण दिसेल. डावं बटण दाबून धरून पॅटर्न काढा, शेवटच्या ठिपक्यावर सोडा. टच मेलेला असला तरी कुलपाच्या पडद्यावर माउस चालतो. आणि ओढायचा हळू.

खटपट्या
मग आता एकेक करत सगळेच काढून बघायचे, कधीतरी लागेल.

डबलटॅप
ते कधीतरी येणार नाही. एकूण पॅटर्न ३,८९,११२ आहेत. आणि चुका मोजल्या जातात, रीस्टार्टनेही तो आकडा शून्य होत नाही. मूळ अँड्रॉइडमध्ये दहा चुकांनंतर प्रत्येक चुकीला ३० सेकंद थांबावं लागतं. तीसनंतर दर दहा चुकांना तो थांबा दुप्पट होतो, १४० नंतर एका प्रयत्नाला अख्खा दिवस. फोन बनवणाऱ्याने हे बदललेलं असू शकतं, पण अंदाज येतो. छत्री पंचवीसच्या पुढे आहेत, तेव्हा प्रत्येक प्रयत्न मोलाचा.

म्हणून आधी कागदावर लिहा. ३ मधून जाणारे जे पॅटर्न बोटाने काढून बाद ठरवलेत, ते बाद धरू नका, माउसने तेच पहिले. चारपेक्षा कमी ठिपके जोडून सोडलं तर चूक मोजली जात नाही, त्यामुळे माउसचा सराव तीन ठिपक्यांवर करा.

आणखी एक. बघत बघत काढू नका. फोन एरवी ज्या हातात धरायचात त्यात धरा आणि बंद स्क्रीनवर अंगठा फिरवून बघा. डोक्याला आठवत नसेल ते अंगठ्याला आठवतं कधीकधी.

सावकाश
गुगलच्या फोन शोधायच्या सेवेतून लांबून नवा पासवर्ड टाकता यायचा, असं आठवतंय.

रात्रपाळी
फार जुनी सोय. आता आधीपासून कुलूप असेल तर ते तिथून बदलत नाही. तिथून फोन पुसता मात्र येतो, तेव्हा त्या पानावर बोट जपून.

निळी_छत्री
माउस जोडला, चालतो. झेड काढला, चूक. उलटा झेड, चूक. पण अंगठ्याची गोष्ट करून पाहिली तर तो दर वेळी शेवटी ९ वरून वर ६ कडे जातोय. १-२-३-५-७-८-९-६? असं काही होतं का आठवत नाही. आज थांबते, उद्या शांतपणे.
नाहीच जमलं तर रिसेट करून फोन विकता येईल ना?

डबलटॅप
येईल, पण रिकव्हरीतून Wipe data/factory reset केल्यावर फोन आधीचंच गुगल खातं मागेल, त्याचा पासवर्ड हवा. तो आठवत नसेल तर आधी बदला आणि २४ तास थांबून मगच पुसा, नाहीतर सेटअपमध्ये अडकाल. रिसेटनंतर किल्लीच नष्ट होते, रेकॉर्डिंग कुणालाही परत आणता येणार नाहीत. तोवर फोन चार्जिंगला ठेवा. तुमच्या यादीत ९-६ वालं पहिलं घ्या.

रात्रपाळी
मी असतो तर तो रिसेट केलाच नसता. विकून येणार ते किती? फोन पडू दे ड्रॉवरमध्ये, पॅटर्न कधी आंघोळीतही आठवेल.

अळूवडी
माझ्या आयफोनवर iPhone Unavailable येतंय, त्यालाही माउस लावून चालेल का?