बॉट सोडून ऑफिसला जाता, मग 'सर्व ठीक' या मेसेजवर विसंबता?

मूळ पोस्ट, निफ्टीवाला_नाशिक: "माझा बॉट रोज ३:३५ला टेलिग्रामवर 'सर्व ठीक' आणि दिवसाचा पी-अँड-एल पाठवतो. एवढं पुरेसं आहे. बाकी लॉगिंग-मॉनिटरिंग ही इंजिनियर लोकांची हौस."

अनघा_प: ही पोस्ट वाचून राहवलं नाही. मलाही असाच मेसेज आला होता: तोटा ३,२२५, पोझिशन शून्य, सर्व ठीक. दुसऱ्या दिवशी सकाळी मार्जिन कमी दिसलं म्हणून ब्रोकरचं पोझिशनचं पान उघडलं, तर कालचा विकलेला कॉल तसाच उघडा!

११०ला विकला होता, लॉट तेव्हा ७५चा. स्टॉपलॉसचा ट्रिगर १५०, लिमिट १५३. भाव १४८वरून थेट १६१वर उडाला. ट्रिगर लागला, पण १५३ला विकणारा कुणीच नव्हता. लॉगमध्ये हे होतं:

```
13:42:07 status=OPEN filled=0 pending=75
13:42:07 SL hit, exited qty=75
```

दोन्ही ओळी एकाच सेकंदाच्या. स्टेटस `TRIGGER PENDING` राहिलं नाही म्हणजे आपण बाहेर पडलो, असं माझ्या कोडने धरलं. रिपोर्टही बॉटने स्वतःच्याच वहीतून काढला, मग त्यात चूक दिसणार कशी? सकाळी २३२ला कापला. खरा तोटा ९,१५०.

तेव्हापासून दर मिनिटाला ब्रोकरकडून पोझिशन मागवते आणि बॉटच्या वहीशी ताडून बघते. सलग दोनदा फरक आला तरच फोन वाजतो, कारण ऑर्डर भरत असताना एखाद्या वेळी फरक येतोच. रोजच्या रिपोर्टमध्ये पहिली ओळ हीच: ब्रोकरकडे किती, बॉटकडे किती. पी-अँड-एल त्याच्याखाली.

निफ्टीवाला_नाशिक: ताई, ही चूक तुमच्या स्टॉपलॉसची. मार्केट स्टॉपलॉस टाकायचा, विषय संपला.

अनघा_प: ऑप्शन्समध्ये एनएसईने तो सप्टेंबर २०२१मध्येच बंद केला. तुमचा बॉट कुठली ऑर्डर टाकतोय ते लॉगमध्ये बघा. अर्थात लॉग ठेवत असाल तर.

थीटा_सांगली: माझा प्रश्न विजेचा आहे. बॉट घरच्या लॅपटॉपवर चालतो. मागच्या महिन्यात ११ वाजता वीज गेली. लॅपटॉप बॅटरीवर चालू, पण राउटर बंद. दुपारी जेवायला आलो तेव्हा कळलं. इन्व्हर्टर घेऊ का?

निफ्टीवाला_नाशिक: राउटरला छोटा यूपीएस लावा, स्वस्तात मिळतो.

कुलाबा_क्वांट: यूपीएस कशाला? मुंबईत क्लाउड सर्व्हर भाड्याने घ्या.

थीटा_सांगली: क्लाउडचं भाडं, वर जीएसटी. एक लॉट करणाऱ्याने काय खायचं? आणि आमच्याकडे वीज गेली की टॉवरही जातो. इथे राहून बघा, मग सल्ले द्या.

अनघा_प: दादा, वीज जाणारच. तुम्हाला दोन तास कळलं नाही, हे खरं दुखणं. मेलेला बॉट 'मी मेलो' असा मेसेज पाठवू शकत नाही. म्हणून बाहेरच्या एखाद्या सेवेला बॉटने दर मिनिटाला हाक द्यायची आणि हाक थांबली की त्या सेवेने तुम्हाला उठवायचं.

कुलाबा_क्वांट: त्यातही एक खाच आहे. माझी हाक वेगळ्या थ्रेडमधून जात होती. वेबसॉकेट गोठला, भाव ४० मिनिटं जुना, पण हाक नियमित! आता निफ्टीचा शेवटचा टिक १० सेकंदांच्या आतला असेल तरच हाक जाते. स्ट्राइकचा टिक धरू नका, लांबच्या स्ट्राइकला मिनिटभर काही येत नाही आणि उगाच फोन वाजतो.

पण एवढे लॉग साठवण्यात अर्थ नाही. खरं ते ब्रोकरच्या ऑर्डरबुकात असतंच.

अनघा_प: आज असतं. उद्या सकाळी एपीआयला विचारा, कालचं ऑर्डरबुक रिकामं. ऑर्डरचा प्रत्येक अपडेट आला तसा स्वतःकडे लिहून ठेवला नाही, तर १३:४२ला काय झालं हे कायमचं गेलं.

कुलाबा_क्वांट: बरं, हे मान्य. पण इशारे आवरा. २०१२मध्ये अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या ट्रेडिंग कंपनीच्या लोकांना बाजार उघडण्याआधी त्यांच्याच सिस्टिमने ९७ ईमेल पाठवले होते. कुणी लक्ष दिलं नाही आणि पाऊण तासात ४० कोटी डॉलरच्या वर गेले. माझे इशारे दोनच: पोझिशनमधला फरक आणि थांबलेली हाक. बाकी सगळं संध्याकाळच्या रिपोर्टमध्ये.

निफ्टीवाला_नाशिक: आत्ता ऑर्डर बघितल्या. लिमिटच आहेत. ठीक आहे, पोझिशन ताडायचं टाकतो. पण हाक थांबली आणि मी मीटिंगमध्ये असलो तर? बाहेरच्या सर्व्हरनेच सगळं कापून टाकावं ना!

कुलाबा_क्वांट: मी तसंच ठेवलंय.

अनघा_प: मी नाही ठेवणार. हेजचा विकत घेतलेला लेग आधी कापला गेला, तर उघडा शॉर्ट उरतो आणि मार्जिन एकदम वाढतं. शिवाय नुसतं नेट गेलं असेल आणि बॉट परत आला, तर कापलेलंच तो पुन्हा कापेल.

कुलाबा_क्वांट: शॉर्ट आधी कापायचे, आणि बॉटने उठल्यावर पोझिशन वाचल्याशिवाय एकही ऑर्डर टाकायची नाही.

अनघा_प: आणि शॉर्टची ऑर्डर अर्धीच भरली तर?

थीटा_सांगली: इन्व्हर्टरचं कुणी सांगेल का?