शब्दचर्चा : ‘रुद्धोष्म’ म्हणजे तापमान कायम का?

कोलशेतकर
ध्वनीवरचा एक लेख मराठीत उतरवते आहे. त्यात ‘ध्वनिलहरीत हवेचे आकुंचन-प्रसरण रुद्धोष्म असते’ असं वाक्य आलंय. रुद्ध म्हणजे अडवलेलं, ऊष्म म्हणजे उष्णता. उष्णता अडवली म्हणजे तापमान तेवढंच राहिलं, असंच ना? मग पुढे ध्वनीच्या वेगाच्या v = √(γRT/M) या सूत्रात तो γ कशासाठी येतो?

घोडबंदरी
बरोबर आहे ताई. थर्मासमधला चहा आठवा, उष्णता बाहेर जात नाही म्हणून गरम राहतो. γ म्हणजे हवेच्या दोन विशिष्ट उष्मांचं गुणोत्तर, १.४, कोष्टकातून घ्यायचं. आणि तापमान वाढलं की वेग वाढतो कारण हवा विरळ होते, लहरीला वाट मोकळी मिळते.

नेरुळचे मास्तर
थर्माससाठी बरोबर, कारण तिथे चहाला कोणी दाबत नाही. सायकलच्या पंपाचं तोंड बोटाने बंद करून दट्ट्या झटकन दाबा. उष्णता बाहेर निघायच्या आत आतली हवा तापते. म्हणजे रुद्धोष्म क्रियेत तापमान कायम नसतंच, बदलतं ते तापमानच. कायम राहिलं तर ती समतापी.

ही गल्लत न्यूटनच्याही ध्वनिवेगाच्या हिशोबात होती. हवा एक टक्का आकसली की दाबही एकच टक्का वाढतो, असं त्याने धरलं. पण आकसताना हवा तापते. खोलीतली, म्हणजे ३०० केल्व्हिनची हवा असेल तर सव्वा अंशाच्या आसपास. त्या तापण्याने दाब आणखी वाढून एकूण १.४ टक्के होतो. हवा तेवढी जास्त कडक स्प्रिंगसारखी वागते. तो १.४ म्हणजेच तुमचा γ. न्यूटनच्या रीतीने वेग सेकंदाला २९३ मीटर येतो, γ घातला की ३४७, आणि मोजायला गेलं तर तोच मिळतो. ही दुरुस्ती लाप्लासची, १८१६ सालची.

विरळपणाचं अर्धंच खरं. हवा बंद डब्यात तापवा. घनता तीच राहते, तरी वेग वाढतो, कारण दाब वाढलेला असतो. उलट डोंगरावर हवा विरळ असते, पण दाबही त्याच प्रमाणात उतरलेला, म्हणून निव्वळ विरळपणाने वेग वाढत नाही. धक्का एका रेणूकडून दुसऱ्याकडे रेणूंच्या धावण्यानेच पोचतो आणि ते किती जोरात धावतात हे तापमान ठरवतं.

वाशीची बासरी
विषयांतर असेल तर माफ करा. एसी सभागृहात माझी बासरी उतरते आणि दुपारी अंगणात चढते. तानपुऱ्याचं ॲप मात्र जागचं हलत नाही. मला वाटायचं, बांबूच फुगतो.

नेरुळचे मास्तर
विषयांतर कुठलं, हाच विषय! बांबूचा वाटा नगण्य. बासरीची लांबी ठरलेली, म्हणून लहरीचीही लांबी ठरलेली. वेग वाढला की कंपनसंख्या वाढणारच. सभागृहात २०, अंगणात ३२ अंश धरा, म्हणजे २९३ आणि ३०५ केल्व्हिन. फरक चार टक्के. वेग वर्गमुळाने वाढतो, म्हणून दोन टक्के. लगतच्या दोन सुरांत, म्हणजे सा आणि कोमल रे यांत, साधारण सहा टक्क्यांचं अंतर असतं. तुमचा सा त्याच्या एक तृतीयांश सरकला. प्रत्यक्षात थोडा कमी, कारण तुमचा श्वासच नळीतली हवा ऊबदार करतो.

येऊरवाला
म्हणजे ध्वनी इतका जलद असतो की उष्णतेला पळायला वेळच मिळत नाही. सूर जितका बारीक, तितका रुद्धोष्म. पटलं.

नेरुळचे मास्तर
इथेच भले भले फसतात. वेळ कमी असतो हे खरं, पण उष्णतेला जायचं असतं दाबाच्या भागातून विरळ भागात, म्हणजे अर्धी लहर. १००० हर्ट्झला ते अंतर १७ सेंटीमीटर, आणि तेवढ्या वेळात उष्णता पसरते जेमतेम दशांश मिलिमीटर. सूर दहापट खर्ज करा. अंतर दहापट होतं, उष्णतेची मजल मात्र तिपटीच्या आसपासच वाढते. म्हणजे खर्ज सूरच जास्त रुद्धोष्म. फसगत होते ती केसासारख्या बारीक नळीत किंवा स्पंजात. तिथे उष्णता बाजूच्या भिंतीत जिरते आणि वेग न्यूटनच्या आकड्याकडे घसरू लागतो.

घोडबंदरी
मास्तर, चूक कबूल. पण दोष शब्दाचाही आहे. ‘ऊष्म’ ऐकलं की माणूस गरमपणाच समजणार. शिवाय उष्मा ऱ्हस्व की दीर्घ?

नेरुळचे मास्तर
संस्कृतात दोन्ही सापडतात. इथे संधीने ‘ओ’ झाल्यामुळे भांडण लपून जातं. इंग्रजी ‘ॲडियाबॅटिक’ या शब्दाचं ग्रीक मूळही ‘पार न जाता येणारं’ एवढंच सांगतं, तापमानाबद्दल चकार शब्द नाही.

कोलशेतकर
मग मी ‘उष्णता बाहेर जाऊ न देता’ असं लिहिते आणि रुद्धोष्म कंसात.

येऊरवाला
‘बाहेर’ कशाच्या? मोकळ्या हवेला भिंत कुठे असते?