निरोपाचं भाषण: उपदेश शिरतो कुठे?

> "पुढच्या आठवड्यात निवृत्त होतेय. मुलांसमोर बोलायचंय, पण उपदेश नको. मागे वळून पाहताना तो येतोच. काय करू?"

बाई, उपदेश बहुधा आठवण संपल्यानंतरच्या वाक्यात शिरतो. मसुद्यात ‘म्हणून मुलांनो’ किंवा ‘लक्षात ठेवा’ दिसलं की तिथून पुढे काट मारा. आठवण तेवढी राहू द्या.

समजा, तुम्ही लिहिलंय: ‘एका मुलीने माझी चूक दाखवली, म्हणून मुलांनो, प्रश्न विचारत राहा.’ त्याऐवजी असं म्हणून बघा: ‘मागच्या बाकावरून आवाज आला, बाई, तिसऱ्या ओळीत वजा हवं. पाहिलं, तर खरंच हवं होतं. खडू तिच्याच हातात दिला. अजूनही तिसरी ओळ लिहिताना मी आधी मागच्या बाकाकडे बघते.’ मुलं हसतील, पुढचं त्यांचं त्यांना कळेल.

अशा दोन आठवणी पुरेत. त्यातली एक तरी समोर बसलेल्या वर्गाची हवी. नुसतं जुन्या बॅचचं कौतुक ऐकून मुलं चुळबुळ करायला लागतात (आणि खरं तर त्यांचं काही चुकत नाही). फजिती सांगायची तर स्वतःचीच सांगा. शेवटी आभार माना, उद्यापासून तुमचा तास कोण घेणार ते सांगा आणि बसा.